पुरामुळे निवास बंद: आधी झालेल्या बुकिंगना काय कळवावे?

डोंगरीकाठ
चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या वाटेवर डोंगरी नदीकाठी आमचे आठ खोल्यांचे लहानसे पर्यटक निवास आहे. सासरे आणि मी ते चालवतो. गौताळ्याच्या डोंगरात झालेल्या पावसाने ९ सप्टेंबरच्या रात्री नदीचे पाणी आवारात शिरले. खालच्या चार खोल्यांत गुडघाभर पाणी होते, विहीर पूर्ण बुडाली आणि शौचालयाची टाकी गाळाने भरली. वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या कोरड्या आहेत. सुदैवाने त्या रात्री मुक्कामाला कोणी नव्हते.

या महिन्याची आणि नवरात्राची बरीच बुकिंग हातात आहेत. काही फोनवरून आगाऊ रक्कम घेऊन केलेली आहेत, काही पोर्टलवरून आलेली आहेत आणि एक शाळेची सहल आहे. सर्वांना पाठवण्यासाठी मी खालील सूचना लिहिली आहे. ती आज संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे, तेव्हा कृपया वाचून मत द्यावे.

"आदरणीय पाहुणे, काल रात्री आलेल्या अभूतपूर्व पुरामुळे आपल्या लाडक्या निवासाचे अतोनात नुकसान झाले आहे. परिस्थिती पूर्ववत होताच आम्ही लवकरच आपल्या सेवेत रुजू होऊ. तोपर्यंत सर्व बुकिंग स्थगित करण्यात आले आहेत. आपण भरलेली रक्कम सुरक्षित असून ती पुढील भेटीसाठी वापरता येईल. सहकार्याची अपेक्षा."

अमळनेरकर
ताई, सूचना उत्तम आहे, तशीच पाठवा. पूर ही नैसर्गिक आपत्ती असल्याने पैसे परत करण्याचे कायदेशीर बंधन तुमच्यावर नाही, त्यामुळे "पुढील भेटीसाठी वापरता येईल" एवढे म्हणणे पुरेसे आहे. पोर्टलवरच्या पाहुण्यांना मात्र फोन करून त्यांनाच बुकिंग रद्द करायला सांगा, म्हणजे तुमच्या नावावर रद्द केल्याची नोंद होणार नाही आणि गुणांकन घसरणार नाही.

केळीवाला_रावेर
सर्वप्रथम तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि तो झाल्याशिवाय गाळाला हात लावू नका. आमच्याकडे केळी आडवी झाली तेव्हा लोकांनी घाईने खोडे काढली आणि नंतर दाखवायला काही उरले नाही. शासनाची मदत मिळण्यासाठी अर्ज कुठे करायचा, हे तहसील कार्यालयात विचारा.

डोंगरीकाठ
दादा, धन्यवाद. पंचनाम्यासाठी कळवले आहे आणि फोटोही काढून ठेवले आहेत. माझा प्रश्न नुकसानभरपाईचा नसून ज्यांनी आमच्याकडे येण्याचे ठरवले आहे त्या पाहुण्यांचा आहे.

जुना_मुनीम
मी भुसावळ आणि जळगावच्या लॉजिंगमध्ये अनेक वर्षे काउंटर सांभाळला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या सूचनेतून पुराची भीषणता कळते, परंतु १४ तारखेला नाशिकहून निघणाऱ्या माणसाने गाडीत बसावे की नाही, हे कळत नाही. "स्थगित" या शब्दातून त्याला आपले बुकिंग जिवंत आहे की संपले आहे याचा बोध होत नाही, आणि "लवकरच" म्हणजे दोन दिवस की दोन महिने हे तो आपल्या सोयीने ठरवतो. असा संदेश वाचून प्रत्येक जण तुम्हाला फोन करणार आणि तुम्ही चिखल उपसता उपसता त्याच प्रश्नाचे तेच उत्तर देत बसणार. म्हणून पहिल्याच वाक्यात बंदची तारीख आणि त्या पाहुण्याची स्वतःची तारीख या दोन्ही आल्या पाहिजेत.

त्याआधी मात्र एक काम करा. सर्व पोर्टलांवरचे कॅलेंडर आत्ता बंद करा. सूचना लिहिण्यात माणूस गुंततो आणि तेवढ्यात पुढच्या शनिवारचे नवे बुकिंग येऊन पडते. मग तेही रद्द करावे लागते, आणि पुराच्या दुसऱ्या दिवशी घेतलेले बुकिंग रद्द करताना पुराचे कारण कोणी ऐकून घेत नाही.

मग हातातल्या बुकिंगचे येण्याच्या तारखेप्रमाणे तीन गठ्ठे करा. पहिल्या गठ्ठ्यात ज्यांच्या तारखेला निवास नक्की बंद असेल ते, दुसऱ्यात ज्यांच्याबद्दल आज सांगता येत नाही ते, आणि तिसऱ्यात ज्यांच्यापर्यंत या पुराचा परिणाम पोहोचणार नाही ते. एकच सूचना तिघांना पाठवली तर पहिल्याला ती अपुरी पडते आणि तिसरा उगाच घाबरून रद्द करतो. येत्या तीन दिवसांत येणाऱ्यांना संदेशावर सोडू नका, त्यांना आधी फोन करा आणि बोलणे झाल्यावर तेच लेखी पाठवा. संदेशावर निळ्या खुणा उमटल्या म्हणजे माणसाला कळले असे समजू नये, कारण घरातले मूलही फोन उघडून पाहते.

शेवभाजी
मुनीमकाका, पितृपक्षात तसाही पाहुणा फिरकत नाही, तेव्हा दुसऱ्या गठ्ठ्यात फारसे कागद नसतील. पुराला निदान पंचांग कळते असे म्हणायचे.

डोंगरीकाठ
पितृपक्षात खरोखरच बुकिंग कमी आहेत, परंतु ३ ऑक्टोबरला घट बसतात आणि देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांनी नवरात्रातले बहुतेक दिवस आधीच घेतले आहेत. अडचण तिथेच आहे. वरच्या चार खोल्या कोरड्या असल्याने त्या आठवडाभरात सुरू कराव्यात, म्हणजे निदान काही पाहुणे तरी थांबतील, असे सासरे म्हणतात. आणखी एक अडचण म्हणजे बुकिंगची वही भिजली आहे आणि काही पानांवरची शाई पसरली आहे.

जुना_मुनीम
वही आधी सावलीत पंख्याखाली वाळवा आणि ओली असताना पाने सोडवू नका. यादी मात्र नव्याने बांधता येते. बँकेच्या खात्यात गेल्या तीन-चार महिन्यांत आलेल्या आगाऊ रकमा, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरची बोलणी आणि पोर्टलवरची यादी ही सर्व एकमेकांशी ताडून पाहा. ज्या जमा रकमेसमोर नाव सापडणार नाही तिथे एक विसरलेला पाहुणा आहे असे समजा. नेमका तोच सामान घेऊन फाटकाशी उभा राहतो.

वरच्या खोल्यांबद्दल तुमच्या सासऱ्यांचा आदर राखून सांगतो. खोल्या कोरड्या आहेत, परंतु त्यांच्या नळाचे पाणी बुडालेल्या विहिरीतून येते आणि सांडपाणी गाळाने भरलेल्या टाकीतच जाते. विहीर उपसून, टीसीएल टाकून, नंतर नमुना तपासायला देऊन त्याचा अहवाल पिण्यायोग्य येईपर्यंत एकही खोली देऊ नये. खालचे वायरिंग वाळल्यावर परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण वरून कोरड्या दिसणाऱ्या भिंतीच्या पाइपात पाणी राहते. झाडलोट चार दिवसांत होते, पण उघडण्याची तारीख सर्वांत मंद कामावरून ठरते. तुमच्याकडे ते मंद काम विहिरीचे आहे. वायरमन आणि विहीर उपसणारा यांना आजच विचारा, त्यांनी सांगितलेल्या दिवसांवर आठवडाभर वाढवा आणि ती तारीख सूचनेत लिहा. एकदा दिलेली तारीख पुढे ढकलावी लागली की दुसऱ्या पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही.

कागदपत्रे
मी धुळ्याला वकिली करतो. वर अमळनेरकरांनी पैसे परत करण्याचे बंधन नसल्याचे म्हटले आहे, ते अर्धेच बरोबर आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५६ प्रमाणे करार झाल्यानंतर कोणाच्याही दोषाविना ते काम अशक्य झाले, तर करार शून्य होतो. त्यामुळे खोली देऊ न शकल्याबद्दल तुमच्याकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही, इतपत पुराचा आधार मिळतो. परंतु त्याच कायद्याचे कलम ६५ असे सांगते की, करार शून्य झाल्यावर त्यापोटी ज्याला जो लाभ मिळाला असेल तो त्याने परत केला पाहिजे. आगाऊ रक्कम हा तसाच लाभ आहे. थोडक्यात, पूर तुम्हाला खोली देण्यातून मोकळे करतो, घेतलेले पैसे ठेवून घेण्याची मुभा देत नाही.

पावतीच्या मागे "कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही" असे छापलेले असले, तरी त्यावर फार विसंबू नये. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अनुचित कराराची तरतूद आहे आणि पाहुण्याला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला फार वेळ लागत नाही.

अमळनेरकर
वकीलसाहेब, कायदा मान्य. पण ज्याचे घर पाण्यात गेले त्यानेच एका दिवसात सगळ्यांचे पैसे काढून द्यायचे का? आगाऊ रक्कम रंगकामात आणि गाद्यांत गेलेली असते, ती तिजोरीत पडून नसते.

कागदपत्रे
एका दिवसात द्यावी असे कायदा म्हणत नाही, वाजवी वेळेत द्यावी लागते. येण्याच्या तारखेच्या क्रमाने परताव्याचे दिवस ठरवून ते लेखी कळवले, तर बहुतेक लोक थांबतात. "पुढील भेटीसाठी वापरता येईल" हा एकमेव पर्याय म्हणून लादता येत नाही. पाहुण्याने स्वखुशीने निवडला तर मात्र तो तुम्हा दोघांच्याही सोयीचा आहे.

गोदाकाठची
मी पाहुण्याच्या बाजूने लिहिते. एकदा आम्ही वयस्कर सासूबाईंना घेऊन निघालो होतो आणि एका निवासाने "तूर्त गैरसोय आहे, संपर्कात राहू" एवढेच कळवले होते. पोहोचल्यावर कुलूप दिसले. पैसे महिन्याभराने परत मिळाले, पण त्या संध्याकाळी दुसरी खोली शोधताना जी धावपळ झाली ती लक्षात राहिली. म्हणून बंद असेल तर "बंद आहे, कृपया निघू नका" हे शब्द लिहा. पुराचे वर्णन एका वाक्यात संपवा, कारण वाचणाऱ्याला त्या क्षणी आपले काय होणार एवढेच हवे असते.

दुसरे असे की तारीख बदलण्याची सवलत देताना लोक "वर्षभरात कधीही" असे लिहितात आणि मग प्रत्येक शनिवारी खोल्या भरलेल्या असतात. कोणत्या तारखा खरोखर मोकळ्या आहेत ते सांगितले, तर निवड करता येते.

जुना_मुनीम
गोदाकाठच्या ताईंचे दोन्ही मुद्दे सूचनेत जसेच्या तसे घ्या.

आता पोर्टलबद्दल लिहितो, कारण अमळनेरकरांचा सल्ला इथे महागात पडेल. पाहुण्याने स्वतः रद्द केले की पोर्टलच्या दृष्टीने ते त्याचे रद्द करणे ठरते. बुकिंग परतावा नसलेल्या दराचे असेल, तर सगळी रक्कम त्याच्या अंगावर पडते. मग तो लिहितो की या लोकांनी मला फसवून रद्द करायला लावले, आणि ज्या गुणांकनासाठी हे केले तेच जाते. योग्य मार्ग असा की, कॅलेंडर बंद केल्यावर पोर्टलच्या निवासमालकांसाठी असलेल्या मदत विभागाशी बोलावे, पुरामुळे निवास राहण्यायोग्य नाही असे सांगावे, फोटो आणि पंचनाम्याची प्रत पाठवावी आणि दोन्ही बाजूंना दंड न लागता बुकिंग रद्द करण्याची लेखी विनंती करावी. तक्रारीचा जो क्रमांक मिळेल तो जपून ठेवावा. त्यानंतर पाहुण्याला पोर्टलच्याच संदेशपेटीतून कळवावे, म्हणजे काय कळवले याची नोंद तिथेच राहते.

आणखी एक गोष्ट म्हणजे, पाहुण्याने पोर्टलला पैसे भरले असतील तर ते तुमच्याकडे नाहीत. अशा पाहुण्याला "आम्ही आपली रक्कम परत करू" असे लिहू नये. "आपण पोर्टलला भरलेली रक्कम पोर्टलकडून परत येईल, आम्ही त्यांना अमुक तारखेला कळवले आहे" असे लिहावे. निवासात येऊन पैसे देणार असलेल्यांच्या बाबतीत परताव्याचा प्रश्नच नाही, त्यांना फक्त रद्द झाल्याचे कळवणे पुरते.

डोंगरीकाठ
काका, कॅलेंडर बंद केले आहे. विहिरीचे काम आणि तपासणी धरून वीस तारखेपर्यंत होईल असे उपसणारा म्हणतो, म्हणून मी ३० सप्टेंबरपर्यंत बंद असे ठरवते आहे. आता एक प्रत्यक्ष उदाहरण सोडवून हवे आहे. नाशिकच्या एका कुटुंबाच्या १४ तारखेपासून दोन रात्री, दोन खोल्या आहेत. खोलीचा दर रात्रीला २,२०० रुपये, म्हणजे एकूण ८,८०० होतात आणि त्यांनी निम्मे, म्हणजे ४,४०० रुपये यूपीआयने भरले आहेत. चाळीसगावात ओळखीचे एक हॉटेल आहे, तिथे खोली २,६०० ला मिळते. त्यांना काय काय देऊ करावे?

अमळनेरकर
चाळीसगावात पाठवून द्या आणि ४,४०० तिकडे वळते करा. वरचे पैसे पाहुणा देईल, त्याला खोली तरी मिळाली.

जुना_मुनीम
वळते करू नका. पैसे तुमच्या खात्यातून तिसऱ्याकडे गेले की तिथली खोली वाईट निघाल्यावर पाहुणा तुमच्याकडे बोट दाखवतो, हॉटेलवाला म्हणतो मला एवढेच मिळाले, आणि पावती कोणी कोणाला द्यायची हे तिघांनाही कळत नाही. ४,४०० पाहुण्याला परत करा, चाळीसगावच्या हॉटेलात त्या तारखेला दोन खोल्या मोकळ्या आहेत याची आधी स्वतः खात्री करा, नाव-नंबर द्या आणि पाहुण्याला थेट त्यांच्याशी ठरवू द्या. चार खोली-रात्रींचा फरक १,६०० रुपयांचा येतो, तो कोण सोसणार हे त्याच संदेशात स्पष्ट लिहा. कायद्याने तो तुमच्यावर येत नाही, हे वकीलसाहेबांच्या सांगण्यातून दिसतेच. जुना पाहुणा असेल आणि तुम्हाला झेपत असेल तर निम्मा उचला, मात्र एकाला दिले ते दुसऱ्याला नाकारता येईल का याचा विचार करून. पाटणादेवीला जायचे असेल तर चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर जावे लागेल आणि रस्त्याची स्थिती काय आहे, हेही सांगा. जवळचे निवास म्हणून लोक निघतात आणि वाटेत पूल वाहून गेलेला असतो.

तोरणमाळ_वाट
रस्त्यावरून माझी अडचण मांडते. आमचे घर तोरणमाळला आहे. निवास धडधाकट, वीज-पाणी चालू, पण घाटात दरड पडली आणि पाहुणे येऊ शकले नाहीत. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरीला पूर आला तेव्हाही कन्नड घाट दरडींमुळे बंद झाला होता आणि औरंगाबादकडून येणारे अडकले होते. अशा वेळी रद्द कोणी केले असे मानायचे? मी खोली द्यायला तयार होते, स्वयंपाकाचे सामानही आणले होते.

कागदपत्रे
ताई, तुमचे प्रकरण डोंगरीकाठ यांच्यापेक्षा अवघड आहे. त्यांच्याकडे खोली देणेच अशक्य झाले. तुमच्याकडे खोली होती, पाहुण्याला पोहोचता आले नाही. दुसऱ्या लांबच्या वाटेने येणे शक्य होते का, रस्ता प्रशासनाने आदेश काढून बंद केला होता का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. मी ठाम उत्तर देणार नाही.

जुना_मुनीम
आम्ही अशा वेळी तारीख बदलून देत असू आणि परतावा मागितला तर एका रात्रीचे भाडे ठेवून बाकीचे देत असू. ते न्याय्य होते की नाही यावर काउंटरवर पुष्कळ वाद झाले आहेत.

गोदाकाठची
घाटात पोलिसांनी परत पाठवलेल्या माणसाकडून एका रात्रीचे भाडे घेणे मला तरी पटत नाही.

डोंगरीकाठ
तारीख बदलण्याच्या दराबद्दलही मत हवे आहे. नाशिकच्या कुटुंबाने आज फोनवर विचारले की, आम्हाला नवरात्रात द्या. नवरात्रात आमचा दर २,८०० आहे, म्हणजे त्याच चार खोली-रात्रींचे ११,२०० होतात. आम्ही बंद ठेवले म्हणून २,४०० चा फरक आम्ही सोसावा का? शिवाय नवरात्रातल्या बुकिंगचे काय होणार, हेच अजून ठरलेले नाही.

गोदाकाठची
बंद तुमच्याकडून झाले आहे, मग दर जुनाच लागायला हवा. पाहुण्याने स्वतःहून तारीख बदलली असती तर गोष्ट वेगळी होती.

जुना_मुनीम
नवरात्रातल्या तारखा पहिल्या गठ्ठ्याला देऊच नका. तिथे ज्यांचे आधीच बुकिंग आहे, त्यांचेच अजून अधांतरी आहे. चार खोल्या जरी सुरू झाल्या तरी त्यांच्यावर पहिला हक्क त्यांचा आहे. तेव्हा पहिल्या गठ्ठ्याला नवरात्र आणि दिवाळीचा आठवडा सोडून ३१ मार्चपर्यंतच्या तारखा जुन्याच दराने द्या आणि हे सूचनेत लिहा, म्हणजे दराचा वाद उभाच राहत नाही.

दुसऱ्या गठ्ठ्याला वेगळे पत्र पाठवा. निवास सुरू होण्याची शक्यता आहे पण खात्री नाही, आपण अमुक तारखेला नक्की कळवू, आणि तोपर्यंत त्यांना रद्द करायचे असेल तर पूर्ण रक्कम परत मिळेल, एवढे त्यात असावे. ती कळवण्याची तारीख त्यांच्या येण्याच्या किमान आठवडाभर आधीची ठेवा, कारण त्यांनाही गाडी, सुट्टी आणि बरोबरची माणसे बघावी लागतात.

तिसऱ्या गठ्ठ्याला मी काही पाठवत नसे. विचारले तर सांगत असे.

तोरणमाळ_वाट
इथे मी असहमत आहे. पाण्यात बुडालेल्या आवाराचे व्हिडिओ आता तासाभरात सगळीकडे पोहोचतात. डिसेंबरचा पाहुणा ते पाहून गप्प राहतो आणि हळूच दुसरीकडे खोली घेतो. "आपले डिसेंबरचे बुकिंग कायम आहे" अशी एक ओळ गेली, तर तो थांबतो.

शेवभाजी
डिसेंबरच्या पाहुण्याला "भरीत पार्टी कायम आहे" असे कळवा, तो पोहत येईल. आणि तारीख बदलून हिवाळ्यात येणाऱ्यांना कळण्याच्या पुऱ्या फुकट ठेवा, मग परतावा मागणारा विरळा.

डोंगरीकाठ
भाऊ, विनोद बाजूला ठेवला तरी कल्पना वाईट नाही. हिवाळ्यातले सोमवार ते गुरुवार आमच्याकडे रिकामेच असतात.

सुधारलेली सूचना खाली देत आहे. पहिल्या गठ्ठ्यातल्या, थेट आमच्याकडे बुकिंग केलेल्या पाहुण्यांसाठी ती आहे. प्रत्येकाच्या संदेशात त्याची तारीख आणि रक्कम मी हाताने भरणार आहे.

"नमस्कार. ९ सप्टेंबरच्या रात्री आमच्या आवारात पुराचे पाणी शिरल्यामुळे आमचे निवास ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण बंद आहे. त्यामुळे १४ सप्टेंबरपासूनचे आपले दोन खोल्यांचे बुकिंग आम्ही रद्द करत आहोत. कृपया निघू नये. आपले ४,४०० रुपये आमच्याकडे जमा आहेत. आपण पुढीलपैकी एक पर्याय निवडावा, ही विनंती. पहिला, संपूर्ण ४,४०० रुपये परत, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, १८ सप्टेंबरपर्यंत. दुसरा, ३१ मार्चपर्यंतची दुसरी तारीख, याच दराने. नवरात्र आणि दिवाळीचा आठवडा यांत येत नाही. आज मोकळ्या असलेल्या तारखांची यादी सोबत आहे. तिसरा, चाळीसगावातील दुसऱ्या हॉटेलात त्याच तारखांना सोय. तेथील दर २,६०० रुपये असून आपली रक्कम आम्ही आपल्याला परत करू आणि तेथील भाडे आपण थेट द्यावे. १५ सप्टेंबरपर्यंत आपले उत्तर आले नाही, तर आम्ही पहिला पर्याय धरून रक्कम परत करू. परताव्यासाठी आम्ही आपल्याला कोणताही पिन, ओटीपी किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणार नाही."

जुना_मुनीम
ही सूचना पाठवण्याजोगी आहे. उत्तर न आल्यास परतावा, हे वाक्य अनेक जण उलटे लिहितात आणि गप्प राहणाऱ्याची रक्कम वर्षभर अडकवून ठेवतात, ते तुम्ही टाळले. शेवटचे वाक्यही राहू द्या. पुराची बातमी पसरली की निवासाच्या नावाने फोन करून "परतावा पाठवतो, कोड स्कॅन करा" म्हणणारे भामटे उगवतात. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे अजूनही सर्वांना माहीत नसते. फक्त चौकशीसाठी एकच फोन क्रमांक आणि तो उचलण्याची वेळ घाला. वीज नसताना दिवसभर फोन चालू राहणार नाही, तेव्हा सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास असे लिहिले तरी चालते.

शाळेच्या सहलीचे पैसे धनादेशाने आले असतील, तर परतावा शाळेच्याच खात्यात द्या. सरांनी कितीही आग्रह केला तरी त्यांच्या वैयक्तिक खात्यावर पाठवू नका, आणि सूचना मुख्याध्यापकांच्या नावे पत्राने द्या.

हिशेबनीस_पारोळा
एक लहानशी पुरवणी जोडतो. तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल आणि आगाऊ रकमेवर कर भरला असेल, तर परतावा देताना रिफंड व्हाउचर काढा. बिल आधीच बनवले असेल तर त्याऐवजी क्रेडिट नोट लागते. तारीख बदलणाऱ्यांची आगाऊ रक्कम तशीच पुढे ओढता येते, तिथे काही काढावे लागत नाही, मात्र जुन्या पावतीवर नवी तारीख लिहून ठेवा. नोंदणीच नसेल तर साध्या वहीतली परताव्याची नोंद पुरते.

डोंगरीकाठ
आम्ही नोंदणीकृत नाही, तरीही नोंद ठेवते. काल रात्रीपर्यंत जवळच्या तारखांच्या सर्वांशी फोनवर बोलणे झाले. काही वयस्कर मंडळींना सासऱ्यांनी अहिराणीत समजावले, ते माझ्या सूचनेपेक्षा लवकर पटले. नाशिकच्या कुटुंबाने जानेवारीतली तारीख घेतली, शाळेने परतावा मागितला आहे. पोर्टलच्या मदत विभागाने पंचनाम्याची प्रत मागितली आहे आणि ती अजून तलाठी कार्यालयातून आलेली नाही, त्यामुळे ती बुकिंग लटकलेली आहेत. त्यातला एक पाहुणा उद्या निघणार आहे.

जुना_मुनीम
त्याला प्रतीसाठी थांबवू नका. संदेशपेटीतून आत्ता कळवा की निवास बंद आहे, तुम्ही स्वतः काही रद्द करू नका, पोर्टलकडे आमची विनंती अमुक क्रमांकाने नोंदवली आहे. मग पोर्टलला पुन्हा फोन करून सांगा की हा पाहुणा उद्याचा आहे, फोटो पाहून आधी त्याचे करा. तालुक्यात पूर आल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून आली असेल, तर तिचे कात्रणही जोडा. प्रत येईपर्यंत कधी कधी त्यावर भागते, कधी भागत नाही.

डोंगरीकाठ
तसे कळवले आहे, त्याचे "ठीक आहे" असे उत्तरही आले. आता नवरात्राच्या गठ्ठ्याचे पत्र लिहायला घेते. कळवण्याची तारीख २४ सप्टेंबर ठेवावी की पाण्याच्या तपासणीचा अहवाल कधी मिळेल ते विचारून ठरवावी?

जुना_मुनीम
अहवालाची तारीख आधी विचारा. तो २३ पर्यंत मिळणार नसेल, तर घटस्थापनेच्या पहिल्या तीन दिवसांच्या पाहुण्यांना आजच पहिल्या गठ्ठ्यात टाका आणि बंदची तारीखही त्याप्रमाणे पुढे न्या.